दोन जोड्या, एकच हॉस्पिटल

क्रेडिट कार्डाच्या तक्रारींच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम करते. ‘एकाच दुकानाने दोनदा पैसे कापले’ ही आमच्याकडची रोजची तक्रार. पण मिरजेच्या एका ताईंचं स्टेटमेंट अजून डोळ्यांसमोर आहे.

ताईंचे वडील तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल होते. वडील घरी आल्यावर त्या स्टेटमेंट घेऊन आल्या. एकाच तारखेला, एकाच हॉस्पिटलच्या नावावर ४,७२० रुपये दोनदा पडले होते. दोन्ही नोंदींखाली त्यांनी लाल पेनाने रेघ ओढली होती. “मॅडम, औषधाच्या दुकानाने दोनदा कापलेत. मी एकदाच दिलेत, शपथेवर सांगते.”

स्टेटमेंटवर तारीख असते, वेळ नसते. नावही बहुतेक वेळा हॉस्पिटलचं एकच असतं, मग पैसे मेडिकलमध्ये दिलेले असोत की बिलिंगच्या काउंटरवर. त्यामुळे नुसत्या स्टेटमेंटवरून निवाडा करायचा नाही, हा माझा नियम. मी ताईंना फोनमधले एसएमएस काढायला सांगितले. ४,७२० चे दोन मेसेज होते, एक सकाळी ९:१२ चा आणि दुसरा रात्री ८:४० चा. आमच्या सिस्टिममध्ये दोन्हींचे अप्रूव्हल कोड वेगळे होते.

कार्ड मशीनला लागलं की दुकानदाराच्या बँकेमार्फत आमच्याकडे परवानगीची विचारणा येते. आम्ही होकार दिला की त्याबरोबर सहा अक्षर-अंकांचा कोड जातो. स्लिपवर `APPR CODE` म्हणून छापतात तो हाच. एसएमएसही त्याच क्षणी सुटतो. दोन कोड आणि दोन मेसेज म्हणजे कार्ड खरोखर दोनदा लागलं. दोनदा लागणं चूक होतं की खरेदी, ते मात्र कोड सांगत नाही. ते बिलं सांगतात.

“रात्री कार्ड कुणाकडे होतं?” मी विचारलं. ताईंनी भावाला फोन लावला. डॉक्टरांनी अल्ब्युमिनची एक बाटली सकाळी आणि एक रात्री लिहून दिली होती. सकाळची ताईंनी आणली आणि घरी जाताना कार्ड भावाकडे ठेवलं. रक्कम ५,००० च्या आतली, म्हणून कार्ड नुसतं टेकवून पैसे गेले, पिन लागला नाही. भावाने फाइलमधल्या दुसऱ्या बिलाचा फोटो पाठवला. औषध तेच, किंमत तीच, पण बिल नंबर वेगळा आणि वेळ रात्रीची. कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये हे मी ताईंना सांगितलं. पण नोंदी दोन्ही खऱ्या होत्या.

तारीख तीच आणि रक्कम तीच असली की माणूस घाबरतो, ते स्वाभाविक आहे. पण रोजच्या डोसाचं औषध, दोन वेळचा डबा यांत रक्कम सारखीच येणार.

ताई उठायला लागल्या. तेवढ्यात माझी नजर त्याच पानावर वर गेली. त्याच हॉस्पिटलच्या नावावर ११ तारखेला २५,००० आणि १३ तारखेला २५,००० होते. त्यांच्याखाली रेघ नव्हती.

“ते अ‍ॅडव्हान्सचे,” ताई म्हणाल्या. “दोनदा भरायला लावला. अंतिम बिलात दोन्ही वजा केलेत, मी बघितलंय.”

त्यांनी बिल दाखवलं आणि खरंच त्यात २५,००० च्या दोन पावत्या वजा केल्या होत्या. हिशेब जुळत होता, तरीही मी म्हटलं, एसएमएस बघू. २५,००० चा मेसेज एकच सापडला, ११ तारखेचा. मग सिस्टिम उघडली. दोन्ही नोंदींना अप्रूव्हल कोड एकच. स्लिपवर `TID` म्हणून छापतात तो मशीनचा नंबरही एकच.

मी अंतिम बिल पुन्हा हातात घेतलं. पावत्यांच्या पुढे बारीक अक्षरात पैसे भरण्याचा प्रकार छापला होता. पहिली पावती कार्डाची आणि दुसरी यूपीआयची. ताईंनी परत भावाला फोन लावला. दुसरा अ‍ॅडव्हान्स त्याने स्वतःच्या खात्यातून यूपीआयने भरला होता. वडिलांच्या धावपळीत बहिणीला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे हॉस्पिटलला घरातून पोचायचे होते ५०,००० आणि निघाले होते ७५,०००. ताई आपल्या स्टेटमेंटवरचे ५०,००० बिलातल्या ५०,००० शी जुळवून निश्चिंत होत्या.

असं घडतं कसं? परवानगी मिळाली तरी दुकानदाराच्या खात्यात पैसे लगेच जमा होत नाहीत. दिवसभराचे व्यवहार मशीनमध्ये साठतात आणि दिवसाअखेर सेटलमेंट केलं की पूर्ण बॅच त्याच्या बँकेकडे जाते. तिथून मागणी आमच्याकडे येते आणि तेव्हा स्टेटमेंटवर नोंद पडते. हॉस्पिटलच्या बँकेकडून नंतर आम्हाला जे कळलं ते असं: ११ तारखेला काउंटरच्या मशीनचं सेटलमेंट नेट गेल्याने मध्येच अडकलं. रिपोर्ट छापला गेला नाही, म्हणून तीच बॅच पुन्हा पाठवली गेली. प्रत्यक्षात पहिलीही पोचली होती. त्यामुळे परवानगी एकच, पण मागण्या दोन, आणि दुसरी दोन दिवस उशिरा आल्याने तारीखही वेगळी. त्या बॅचमधल्या इतर रुग्णांच्या कार्डांवरही तीच गत झाली होती. मेडिकलचं मशीन वेगळं होतं, म्हणून तिथल्या नोंदी शाबूत राहिल्या.

हे वेगळ्या तारखांचं दुहेरी बिलिंग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. ते डोळ्यांवर येत नाही, आणि दुसऱ्या नोंदीचा एसएमएसच येत नाही, कारण नव्याने परवानगी कुणी मागितलेलीच नसते.

तिसरा प्रकारही टेबलावर पुष्कळ येतो. मशीन ‘डिक्लाइन’ दाखवतं, काउंटरवरचा माणूस म्हणतो ‘परत मारा’, आणि दोन-चार मिनिटांच्या अंतराने दोन मेसेज येतात. तिथे कोड दोन, बिल एक. दुकानदाराला पुष्टी पोचली नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत रक्कम आपोआप उलटली पाहिजे आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. दोन्ही वेळा पुष्टी पोचली असेल, तर मात्र बिल दाखवून तक्रार करावी लागते.

ताईंची तक्रार मी फक्त २५,००० च्या दुसऱ्या नोंदीची लिहून घेतली. व्हिसाच्या नियमांत यासाठी १२.६.१ हा स्वतंत्र प्रकार आहे आणि मुदत साधारण १२० दिवसांची. ४,७२० ची तक्रार पुढे गेली असती तर मेडिकलने दोन बिलं समोर ठेवली असती आणि ती फेटाळली गेली असती. त्या भानगडीत वरच्या जोडीकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

पुढच्या स्टेटमेंटच्या आत २५,००० जमेच्या बाजूला आले. ताई तेव्हा मेडिक्लेमची फाइल लावत होत्या. त्यात अल्ब्युमिनचं एकच बिल लावलं होतं, दुसरं भावाकडेच राहिलं होतं. मी सांगितलं, “भावाकडून मूळ बिल मागवून घ्या, दोन्ही लावा.” त्यांनी दोन्ही लावली.