तुम्ही विचारलंत म्हणून : ऑफिस सोडतानाचा मेल

"शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. सगळ्यांना मेल टाकायचाय, पण निरोपाचं भाषण नको. माणसं तुटू नयेत आणि माझा नंबर त्यांच्याकडे राहावा, एवढंच. काय लिहू?"

आधी एक बघा, हा मेल खऱ्या अर्थाने कधी वाचला जाणार? शुक्रवारी त्यावर सगळे नुसती नजर टाकतील. गरज पडेल ती सहा-आठ महिन्यांनी. कुणाला तुमच्या नव्या कंपनीत अर्ज करायचा असेल, कुणाला रेफरन्स हवा असेल. तेव्हा ती व्यक्ती मेलबॉक्समध्ये तुमचं नाव टाकून शोधणार आणि तुमचे शेकडो कामाचे मेल समोर येणार. त्यातून हा एक उठून दिसावा म्हणून विषयाच्या ओळीतच पूर्ण नाव आणि 'नवा संपर्क' हे शब्द घाला. नुसतं 'शेवटचा दिवस' लिहिलेले मेल प्रत्येक ऑफिसात ढीगभर असतात.

आमच्या पेरोल टीममधल्या एका मुलीने जाताना मला तिचा मसुदा दाखवला होता. त्यात चार परिच्छेद होते, सुंदर प्रवासाचा उल्लेख होता आणि बारा-पंधरा जणांचे नावानिशी आभार होते. नावांची यादी मी तिला काढायला लावली. लग्नपत्रिकेसारखंच असतं ते, जो राहिला त्यालाच ती यादी आधी दिसते. शेवटी उरलं ते साधारण असं :

"नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. सोमवारपासून पगाराचं काम स्नेहल बघेल. आतापर्यंतच्या फायली टीमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहेत. महिनाअखेरीला तुम्ही हजेरीचे आकडे वेळेत पाठवत आलात, म्हणून पगार कधी अडला नाही. त्याबद्दल मनापासून आभार. माझा मोबाईल आणि जीमेल खाली दिलाय. व्हॉट्सॲपवर नावासकट एक मेसेज टाका, म्हणजे तुमचा नंबरही माझ्याकडे राहील."

तुमचा मेल इंग्रजीत असला तरी क्रम हाच ठेवा. वाचणाऱ्याला पहिली काळजी 'आता हे काम कुणाकडे' याची असते. तिचं उत्तर मिळालं की पुढचे आभार तो मोकळेपणाने वाचतो. आभार एकाच खऱ्या गोष्टीचे माना, ती वाचून लोकांना आपलं काम आठवलं पाहिजे. सोडण्याचं कारण लिहू नका. नव्या कंपनीचं नावही नको, विचारेल त्याला सांगा.

मसुद्यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुमचा नंबर त्यांच्याकडे गेला म्हणून त्यांचा तुमच्याकडे येत नाही. काही जण यासाठी ऑफिसची संपर्कयादी स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. ते अजिबात करू नका. तो कंपनीचा डेटा असतो, बऱ्याच ठिकाणी असे मेल तपासले जातात आणि रिलीव्हिंग लेटरच्या वेळी प्रकरण उभं राहू शकतं. लोकांनी स्वतःहून दिलेला नंबर मात्र हक्काचा.

त्यासाठी मेल सकाळीच जायला हवा. लॅपटॉप जमा केला की अकाउंट बंद होतं, कधी दुपारीच. संध्याकाळी पाठवलेल्या मेलची उत्तरं येतात, पण ती तुम्हाला दिसत नाहीत. सगळे पत्ते बीसीसीत टाका, नाहीतर शंभर जणांचे 'ऑल द बेस्ट' शंभर जणांच्या मेलबॉक्समध्ये जातात. क्लायंटला यात घेऊ नका. त्यांना काय आणि कधी कळवायचं ते मॅनेजर ठरवतील.

नंबर +91 सकट साध्या अक्षरांत लिहा. सही चित्र म्हणून टाकली तर त्यातला नंबर सहज कॉपी होत नाही, शोधात सापडतही नाही. आउटलुकची आपोआप येणारी सही काढून टाका, तिच्यात ऑफिसचा नंबर असतो आणि तो उद्या बंद होणार. लिंक्डइनची लिंक देणार असाल तर ते खातं ऑफिसच्या मेलवर उघडलेलं नाही ना, ते पाहा. असेल तर आजच वैयक्तिक मेल जोडून तोच मुख्य करा. नाहीतर पुढे पासवर्ड विसरलात की तो बदलण्याची लिंक बंद झालेल्या पत्त्यावर जाईल.

आणि मॅनेजर, शेजारी बसणारे दोघे-तिघे, ज्यांनी काम शिकवलं ते, यांना हा सामाईक मेल पहिल्यांदा मिळू नये. त्यांना आदल्या दिवशी वेगळ्या दोन ओळी लिहा. 'पहिल्या ऑडिटला तुम्ही रात्री थांबला होतात, ते माझ्या लक्षात आहे' एवढंही पुरतं. या दोन ओळींसाठी मसुदा कुणाला दाखवू नका, तुम्हाला सुचेल तसंच लिहा.