वर्षचक्राची नोंद : जुलै, आणि समोर एट ऑफ कप्स

१ जानेवारीला टॅरोच्या रायडर-वेट-स्मिथ डेकने मांडलेलं चक्र अजून तसंच वहीत आहे. माझ्या आणि जोडीदाराच्या नात्यासाठी बारा महिन्यांचे बारा पत्ते आणि मध्यभागी वर्षाचा तेरावा. मध्ये टेंपरन्स आला होता. घड्याळासारखी मांडणी केली : एकच्या जागी जानेवारी, बाराच्या जागी डिसेंबर.

हे पत्ते पिसण्याआधीच ठरवावं लागतं, कारण याच आकारात बारा भावांचं चक्रही मांडतात. ते डावीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट्या दिशेने जातं. आपण कुंडली बघत मोठे झालेलो, त्यामुळे सातवी जागा म्हटली की सप्तम स्थान, म्हणजे लग्न, हेच डोक्यात येतं. गेल्या वर्षी मी ही गल्लत केली आणि सातव्या पत्त्यावर सगळ्या वर्षाचा भार टाकला. यंदा सातवी जागा म्हणजे फक्त जुलै. मराठी महिने घ्यायचाही मोह होतो, पण २०२३ सारखा अधिक श्रावण आला की महिने तेरा होतात आणि जागा बाराच उरतात.

मांडल्यावर कप्स, म्हणजे प्रेमाचे आणि भावनांचे पत्ते, तीनच दिसले म्हणून आधी मन खट्टू झालं. मग हिशोब केला. ७८ पत्त्यांत कप्स १४, म्हणजे बारा पत्त्यांत सरासरी दोनच्या जरा वर. मेजर आर्काना, म्हणजे हर्मिटसारखे २२ मोठे पत्ते, सरासरी साडेतीनच्या आत, माझ्याकडे तीन. म्हणजे कमी काहीच नव्हतं.

दर महिन्याच्या १ तारखेला मी त्या पत्त्याबद्दल लिहिते : चित्रात काय दिसतं, मागच्या महिन्यानंतर ते काय सांगतं, आणि समोरच्या, म्हणजे सहा महिने अलीकडच्या किंवा पलीकडच्या पत्त्याशी त्याचं काय नातं. शेवटी एक ओळ : काय घडलं तर माझं वाचन चुकलं असं मानायचं. महिनाअखेरीस शेरा : जुळलं, अर्धवट, नाही.

या शेवटच्या ओळीनेच मला खूप शिकवलं. मार्चला सिक्स ऑफ सोर्ड्स होता : नाव, नावाडी, पाठमोरी बाई आणि मूल. त्याची नागपूरला बदली झाली, पत्ता अगदी चपखल बसला. पण बदलीची कुणकुण मला डिसेंबरातच होती, म्हणून तो शेरा मी मोजत नाही. मेमध्ये फाइव्ह ऑफ वाँड्स. मी लिहिलं होतं, 'आमच्या दोघांत भांडण'. भांडलो एप्रिलमध्येच, मेमध्ये त्याच्या बहिणीकडे पाच जण जमले आणि लग्नाच्या तारखेवरून प्रत्येकाने आपलंच घोडं पुढे दामटलं. चित्रातही पाच जण काठ्या परजतात आणि कुणालाच लागत नाही! तरी शेरा 'अर्धवट'च दिला, कारण मी लिहिलं होतं ते हे नव्हतं. त्याच्या समोर नोव्हेंबरला फोर ऑफ वाँड्स आहे : तेच वाँड्स, पण रोवलेले आणि वर फुलांची माळ, आपल्या मांडवासारखी. या जोडीकडे माझं फार लक्ष आहे.

आता जुलै. एट ऑफ कप्स : रात्र, वर चंद्र, आठ पेले मागे ठेवून काठी टेकत डोंगराकडे निघालेला माणूस. प्रेमाच्या चक्रात हा पत्ता आला की पोटात गोळा येतोच. एकटा वाचला असता तर मी 'तो सोडून जाणार' असंच लिहिलं असतं.

पण जूनला हर्मिट होता. त्याच्याही हातात काठीच आहे, मात्र तो उभा आहे. इथे तीच काठी चालू लागली. जून खरंच तसा गेला : त्याचं काम, माझी परीक्षा, दोघंही आपापल्या जागी गप्प. आणि जुलैच्या समोर जानेवारीचा टू ऑफ कप्स, समोरासमोर पेले धरलेले दोघे. म्हणजे जे मागे सोडायचं ते जानेवारीतल्या पद्धतीचं काहीतरी असावं. शिवाय फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन पेले सांडलेले असतात, इथे आठही सरळ उभे आहेत. सांडलेलं काही नाही.

म्हणून १ जुलैला लिहिलं : 'रोज रात्रीचा दोन तासांचा फोन सुटेल, नातं नाही. फोन तसाच चालू राहिला किंवा नातंच तुटलं, तर वाचन चुकलं.' त्याला यातलं काही सांगितलं नाही; सांगितलं असतं तर मीच घडवून आणल्यासारखं झालं असतं.

९ तारखेला तो म्हणाला, ''रोज थकून बोलण्यापेक्षा रविवारी सकाळी निवांत बोलूया का?'' मी लगेच हो म्हटलं नाही. पत्त्यामुळे हो म्हणतेय की मनापासून, हे मला आधी पाहायचं होतं. दोन दिवसांनी होकार दिला. तेव्हापासून दोन रविवार झाले, पण मधल्या बुधवारी मीच न राहवून फोन केला आणि दीड तास बोललो. तेही तारखेसकट वहीत आहे. शेरा ३१ ला.