टिपलाइन बॉट, नोंद ४: ‘सापडले नाही’ म्हणजे खरे नव्हे

सदस्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज हा बॉट आधी तपासलेल्या मेसेजांच्या यादीशी जुळवतो आणि उत्तर देतो. या फेरीत फक्त उत्तरांचे शब्द बदलायचे होते, पण जुळणीचा कोडही उघडावा लागला. चाचणीसाठी घेतलेला मेसेज सगळ्यांच्या ओळखीचा आहे: ‘आज रात्री १२:३० ते ३:३० फोन बंद ठेवा, पृथ्वीजवळून जाणाऱ्या वैश्विक किरणांमुळे धोका आहे.’ हा मेसेज यादीत असूनही बॉटचे उत्तर आले, ‘नोंद सापडली नाही.’ वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘यात खोटे काही निघाले नाही’ असाच लागतो.

न जुळण्याचे कारण ‘जाणाऱ्या’ या एका शब्दात होते. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण जुळणीसाठी मजकुरावरून काढलेला हॅश वेगळा येतो. `NFC` केल्याने हा फरक जात नाही. आधीच सगळे जोडक पुसून टाकले तर ‘जाणार्या’ उरते, म्हणून क्रम असा ठेवला:

```python
t = unicodedata.normalize("NFC", t)
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
t = t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
```

मराठी आणि इंग्रजी आकडेही हॅशआधी एकाच रूपात आणावेत.

जुळल्यावरचे पूर्वीचे उत्तर ‘खोटे आहे. पसरवू नका’ एवढेच होते. ज्याने शंका आली म्हणून विचारले, त्यालाच ते दटावते. शिवाय ते पुढे पाठवले तर कशाबद्दल आहे हे कळत नाही. नवे उत्तर: ‘विचारलेत हे बरे झाले. वैश्विक किरणांसाठी रात्री फोन बंद ठेवायची गरज नाही. हे किरण पृथ्वीवर रोजच येतात आणि वातावरण त्यांचा बराचसा मारा अडवते. हा मेसेज जुना आहे, त्यातल्या ‘आज’ला तारीखच नाही.’ खाली तपासल्याची तारीख येते. नोटिफिकेशनमध्ये सुरुवातच दिसते, म्हणून निष्कर्ष दुसऱ्याच वाक्यात आहे. खोटा दावा मात्र जसाच्या तसा पुन्हा लिहिलेला नाही.

खरोखरच नोंद नसेल तेव्हा: ‘मेसेज मिळाला. तो अजून कोणी तपासलेला नाही, त्यामुळे खरा की खोटा हे सांगता येत नाही. तपासून कळवतो. तोवर पुढे न पाठवलेला बरा.’

‘कळवतो’ हा शब्द पाळायचा तर व्हॉट्सअ‍ॅपची २४ तासांची मुदत सांभाळावी लागते. सदस्याच्या शेवटच्या मेसेजनंतर तेवढा वेळ उलटला की मोकळा मजकूर जात नाही, आधी मंजूर झालेला साचाच चालतो. म्हणून २० तासांवर तपासनिसाला आठवण जाते. तोवरही निर्णय नसेल तर बॉट ‘तपास चालू आहे, निकाल हवा असल्यास “हो” लिहा’ असे विचारतो. ‘हो’ आले की मुदत नव्याने सुरू होते. उत्तर न आल्यास निकाल साच्यातून जातो. तो साचा अजून मंजुरीसाठी पाठवायचा आहे.