वडिलांच्या पश्चात घरातील बिबट्याचे कातडे : नव्वद दिवसांचा नियम आणि आवक खिडकी

आमच्या गावच्या घरात बिबट्याचे एक कातडे आहे. ते आजोबांच्या शिकारीचे आहे आणि ती शिकार 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम येण्याच्या कितीतरी आधीची, परवाना घेऊन केलेली आहे. कायदा लागू झाल्यावर वडिलांनी रीतसर घोषणा करून त्याचे मालकी प्रमाणपत्र स्वतःच्या नावाने घेतले होते. त्यामुळे वडील गेल्यानंतर ‘कागद आहे ना, मग काळजी कसली’ असेच घरातील प्रत्येकाचे म्हणणे होते. या समजुतीपायी सभ्य, पापभीरू कुटुंबेही गुन्हेगार ठरू शकतात, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे. त्याशिवाय एका कार्यालयाच्या आवक खिडकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

मालकी प्रमाणपत्र हे घराचे नसते, त्यावर ज्याचे नाव आहे त्या व्यक्तीचे असते. या कायद्याच्या अनुसूची एकमधील, म्हणजे बिबट्यासारख्या सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्याचे कातडे, शिंगे, नखे किंवा दात प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला वारसाहक्काशिवाय अन्य कोणत्याही मार्गाने स्वतःजवळ ठेवता येत नाहीत. वारशाने ते मिळाले, तर वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तशी घोषणा करावी लागते. कलम 40 मध्ये 2003 पासून लागू झालेल्या पोटकलम 2-अ आणि 2-ब यांत ही तरतूद आहे. आम्ही ही मुदत मृत्यूच्या तारखेपासूनच मोजली आणि इतरांनीही तशीच मोजावी. ती उलटली की भिंतीवरची आठवण बेकायदा ताब्यातील वस्तू ठरू शकते. कलम 57 प्रमाणे अशी वस्तू ज्याच्याकडे सापडते त्याचा ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तो कायदेशीर असल्याचे त्यानेच सिद्ध करायचे असते. अनुसूची एकमधील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची असून, 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान 25,000 रुपयांचा आहे.

वकिली करणाऱ्या आतेभावाने दिवसकार्यानंतर लगेच ही गोष्ट सांगितली, म्हणून आमच्या हातात पुरेसा वेळ होता. अर्ज तयार करणे अवघड गेले नाही. मृत्यूचा दाखला, वडिलांच्या प्रमाणपत्राची प्रत, आई आणि बहिणीचे ना-हरकत पत्र, आणि कातड्याची दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली रंगीत छायाचित्रे एवढे जोडून मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या वन कार्यालयात गेलो.

तेथे आवक खिडकीवरील लिपिकांनी अर्ज चाळला आणि परत केला. वारस दाखला जोडल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तलाठ्यांकडची वारस नोंद चालेल का, असे विचारल्यावर ती जमिनीसाठी असते, येथे न्यायालयाचाच दाखला लागतो, असे उत्तर आले. आपल्याकडे असा दाखला दिवाणी न्यायालयातून, 1827 च्या मुंबई विनियम आठखाली मिळतो. त्यासाठी अर्ज करायचा, न्यायालयाने जाहीर नोटीस काढायची, हरकतींसाठी मुदत जाऊ द्यायची, मग साक्ष आणि त्यानंतर आदेश. कोणीही हरकत घेतली नाही तरी यात सहज काही महिने जातात. म्हणजे कायदा नव्वद दिवसांत घोषणा मागतो आणि ती स्वीकारण्यासाठी खिडकी असा कागद मागते, जो नव्वद दिवसांत हाती पडण्याची शक्यता जवळजवळ नाही. हे मी लिपिकांना शांतपणे सांगितले. ‘मग दाखला मिळाल्यावर या,’ एवढेच ते म्हणाले. तोवर मुदत संपेल त्याचे काय, यावर त्यांनी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

नंतर मी साहेबांना भेटण्याचा प्रयत्न केला, तर साहेब कधी क्षेत्रावर असत, कधी बैठकीला. एकदा भेट झाली तेव्हा त्यांनी अर्जावर नजर टाकून तो वनक्षेत्रपालांकडे द्यायला सांगितले. वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाने हा विषय वरिष्ठ कार्यालयाचा आहे असे सांगून मला पुन्हा त्याच खिडकीवर पाठवले. या सगळ्यात माझ्याकडे लेखी असे काहीच तयार होत नव्हते, आणि खरा धोका तोच होता. उद्या कोणी तक्रार केली, तर ‘मी अर्ज घेऊन गेलो होतो, पण तो घेतला नाही’ या माझ्या म्हणण्याला पुरावा कोणता असणार होता? नकार तोंडी होता आणि मुदत मात्र छापील होती.

अखेर आतेभावाने कलमाचा मजकूर समोर ठेवला. वारसाने घोषणा करावी, असे त्यात म्हटले आहे. घोषणेसोबत न्यायालयाचा दाखला असावा, असे त्यात कोठेही नाही. चौकशी, पाहणी आणि वारसाची खात्री हा घोषणेनंतरचा भाग आहे. तेव्हा आम्ही न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज दाखल केला, त्याच्या पोचेची प्रत आणि आम्ही तिघेच वारस असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडले, आणि घोषणा थेट नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावाने पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवली. एक प्रत जिल्ह्याच्या कार्यालयालाही टपालानेच धाडली. पहिल्याच परिच्छेदात वडिलांच्या मृत्यूची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि वारस दाखला मिळताच सादर करू हे वाक्य, अशा तीन गोष्टी लिहिल्या. नागपूरची पोचपावती मुदतीच्या आत हातात पडली त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे प्रमाणपत्र मिळाल्यावरही झाला नाही.

त्यानंतर यंत्रणा आपसूक हलली. वनपाल आणि वनरक्षक घरी आले, पंचांसमक्ष पंचनामा झाला, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माप घेतले गेले आणि जुन्या प्रमाणपत्रातील ओळखखूण पडताळली गेली. वारस दाखला नंतर मिळाला, तो सादर केला आणि यथावकाश प्रमाणपत्र माझ्या नावाने आले.

मधल्या काळात नातेवाइकांनी दिलेले सल्लेही नोंदवायला हवेत, कारण ते कोणालाही मिळतील. एका काकांनी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. प्रमाणपत्र असले तरी अशा वस्तूची विक्री करता येत नाही, ती देऊ करणेही अंगाशी येते. दुसऱ्यांनी ‘जाळून टाका आणि मोकळे व्हा’ असे सुचवले. ज्या वस्तूची सरकारदरबारी नोंद आहे ती नाहीशी कशी झाली, हे मग वारसालाच सांगत बसावे लागेल. बंगळूरला राहणाऱ्या बहिणीला कातडे हवे होते, पण प्रमाणपत्रधारकाने अशी वस्तू दुसऱ्या राज्यात नेली तर तीस दिवसांच्या आत तेथील मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. तो व्याप नको म्हणून तिने विचार सोडला. मोरपिसांची मात्र अनेकांना उगाच धास्ती वाटते. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यातच सूट आहे.

ज्यांच्या घरी काळविटाची शिंगे किंवा वाघनखे आहेत, पण प्रमाणपत्र कधीच काढलेले नाही, त्यांची स्थिती आमच्याहून फार वेगळी आहे. 2003 मध्ये अशा लोकांना 180 दिवसांची एकवार सवलत मिळाली होती आणि ती केव्हाच संपली. त्यांनी परस्पर काहीही न करता आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि वस्तू वनविभागाकडे सोपवताना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. प्रमाणपत्र आहे, पण वस्तू सांभाळायची नाही, अशांसाठी 2022 च्या दुरुस्तीने कलम 42-अ आणले आहे. त्याखाली ती स्वेच्छेने शासनजमा करता येते, मात्र मोबदला मिळत नाही.

नवीन प्रमाणपत्र हातात घेताना माप आणि ओळखखूण तेथेच पंचनाम्याच्या प्रतीशी ताडून पाहावी. आमच्या कागदावर शेपटीची लांबी चुकीची पडली होती आणि ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा त्याच आवक खिडकीवर जावे लागले.