आमची वाटचाल : "वेबसाईट एवढ्यात होते, मग अ‍ॅपला एवढे का?"

आम्ही सुरवात साध्या वेबसाईटपासून केली, दोघंच होतो, पाच पानांची वेबसाईट सहा-सात दिवसात करून द्यायचो. पुढे अ‍ॅपची कामं यायला लागली आणि तेव्हापासून एक प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. सगळ्यात मनापासून विचारला तो चपलांचं दुकान असलेल्या एका काकांनी. दोन्ही अंदाजपत्रकं समोर ठेवून म्हणाले, फोटो तेच, भाव तेच, स्क्रीन तर उलट छोटी, मग दहापट दिवस कसले लावलेत?

मी म्हटलं काका, स्क्रीनचं सोडा, "ऑर्डर करा" हे एकच बटण धरू. तुमच्या वेबसाईटवर ते बटण नाहीये, तिथे फोटो आहे आणि फोन नंबर आहे. गिऱ्हाईक फोन करतं, तुम्ही रॅककडे बघून "आठ नंबर एकच जोड राहिलाय, ठेवतो बाजूला" असं सांगता. म्हणजे अवघड काम तुम्ही स्वतः करताय, वेबसाईट फक्त पाटी आहे. अ‍ॅपमध्ये तेच काम प्रोग्रामला करावं लागतं. आता एका डिझाईनचे तीन रंग आणि सहा नंबर म्हणजे अठरा वेगवेगळे स्टॉक, ते कुठेतरी सर्व्हरवर लिहिलेले पाहिजेत, आणि दुकानात एक जोड विकला की तिथूनही कमी व्हायला पाहिजे नाहीतर अ‍ॅप नसलेला माल विकत बसेल.

मग शेवटचा जोड. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर दोघांनाही "एक शिल्लक" दिसत असतं. म्हणून बघणं आणि कमी करणं ही दोन कामं सर्व्हरवर एका दमात व्हावी लागतात, मध्ये दुसऱ्याला शिरता येता कामा नये.

आणि खरा त्रास नेटवर्कचा. गिऱ्हाईकाने बटण दाबलं, ऑर्डर सर्व्हरला पोचली, लिहिली गेली, पण "मिळाली" हे उत्तर परत येताना नेट गेलं. फोनवर नुसतं चक्र फिरतंय. माणूस काय करणार, परत दाबणार! झाल्या दोन ऑर्डरी. आमच्या पहिल्याच अ‍ॅपमध्ये हे झालं होतं, ऑफिसातल्या वायफायवर टेस्ट करताना कधीच दिसलं नाही, दिसलं ते एकाच माणसाच्या, एकाच मालाच्या, दहा-पंधरा सेकंदांच्या फरकाने आलेल्या ऑर्डरी बघून. उपाय असा की बटण दाबायच्या आधीच फोनने त्या ऑर्डरला एक वेगळा नंबर द्यायचा आणि कितीही वेळा पाठवली तरी तोच नंबर जायचा, सर्व्हरने ओळखायचं की ही आलेली आहे, नवीन लिहायची नाही, जुनंच उत्तर परत द्यायचं. ऐकायला दोन वाक्यं आहेत, पण पैसे कापले गेले आणि ऑर्डर दिसत नाही हा प्रकारही त्यातच येतो, म्हणून प्रत्येक पायरीला मुद्दाम नेट बंद करून बघावं लागतं. काकांच्या ऐंशी दिवसांच्या अंदाजात नुसत्या टेस्टिंगचे पंधरा होते ते ह्यासाठी, डोळ्यांना दिसणाऱ्या स्क्रीनचे बावीसच.

काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, हे वेबसाईटवर ऑर्डर घेतली तरी लागेल ना? अगदी बरोबर पकडलं! ऑर्डर घेणारी वेबसाईटसुद्धा स्वस्तात होत नाही, मोठा फरक ऑर्डर घेण्याचा आहे.

पण अ‍ॅपचं स्वतःचं ओझं आहेच. वेबसाईट सर्व्हरवर बदलली की पुढच्या वेळी उघडणाऱ्याला नवीन दिसते. अ‍ॅपची प्रत मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये बसलेली असते. आम्ही एकदा पत्त्यात पिनकोड सक्तीचा केला, नवीन अ‍ॅप व्यवस्थित चालू, पण ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्या जुन्या अ‍ॅपला तो रकानाच माहीत नव्हता, सर्व्हर त्यांच्या ऑर्डरी परत पाठवत राहिला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून सर्व्हर जुन्या-नव्या दोन्ही अ‍ॅपशी बोलेल असाच ठेवतो आणि "आता अपडेट करा" ही सूचना पहिल्याच आवृत्तीत घालतो, कारण नंतर घालायची म्हटलं तरी जुन्या प्रतीत ती जाणार कशी? शिवाय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे वेगळं तपासायचं, अ‍ॅपलची फी दरवर्षी ९९ डॉलर, गूगलची २५ डॉलर एकदाच, आणि गूगल प्ले साधारण दरवर्षी नवीन अँड्रॉइडसाठी अ‍ॅप जुळवून घ्यायला लावतं. म्हणजे तुम्ही काही नवीन मागितलं नाही तरी देखभालीचं काम निघतंच.

काकांना मी त्या दिवशी अ‍ॅप करू नका असंच सांगितलं. फोन नंबर असलेली ती साधी वेबसाईटच घ्या आणि एका वहीत लिहा, रोज किती फोन आले, त्यात परत येणारं गिऱ्हाईक किती, आणि "बघून सांगतो" म्हणून किती फोन हातातून गेले. आठ महिन्यांनी ते वही घेऊन आले, सगळ्यात लांब रकाना "बघून सांगतो"चा होता. मग आम्ही अ‍ॅपला हात न लावता आधी स्टॉकचाच भाग करायला घेतला, तो अजून चालू आहे.