सुंदर जुनं गोल लाकडी टेबल

गेल्या शनिवारी माझ्या हाताने लिहिलेलं एक लेबल खोडलं गेलं. आठवडा झाला, पण ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे लीड्सला आमच्या घराजवळ जुन्या फर्निचरचं एक धर्मादाय दुकान आहे. लोक घर बदलताना नको असलेल्या वस्तू आणून देतात, त्या विकून आलेला पैसा सेवाकार्याला जातो. मी शनिवारी चार तास तिथे बिनपगारी काम करते. वस्तू पुसायच्या, पॉलिश करायच्या, लेबल लिहून लावायचं. त्या दिवशी एक टेबल आलं. ओक लाकडाचं, साधारण चार फूट व्यासाचं, मधोमध एकच जाड खांब आणि खाली तीन पाय. पाहताक्षणी मला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरचं आजोबांचं टेबल आठवलं. ते सागवानी, हे ओकचं, एवढाच काय तो फरक. मी मन लावून पुसलं आणि लेबल लिहिलं: ‘अ वुडन राउंड ओल्ड ब्युटिफुल टेबल’.

दुकान सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, बोलायला फार मऊ. त्यांनी लेबल वाचलं, पेन घेतलं, चारही शब्द खोडले आणि वर लिहिलं: ‘अ ब्युटिफुल ओल्ड राउंड वुडन टेबल’. शब्द तेच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फक्त क्रम उलटा.

मी विचारलं, का? त्या थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, कानाला चुकीचं वाटतं, बस.

मला ते लागलं. माझं वुडन उगाच पहिलं आलेलं नव्हतं. नागपूरला इतवारीच्या बाजारात फर्निचर घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, लाकूड कोणतं? सागवान की दुसरं काही, यावर सगळा भाव ठरतो. मग आकार, मग किती जुनं, आणि सुंदर आहे की नाही ते घेणारा स्वतःच्या डोळ्यांनी ठरवेल. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं आधी, माझं मत शेवटी, असा सरळ हिशेब होता. आणि आम्ही इंग्रजी शिकलो ते नियमानेच. सिन्स कुठे, फॉर कुठे, अ कधी, अ‍ॅन कधी, वाक्य सुधारलं की वर्गातल्या बाई लगेच विचारायच्या, नियम सांग. नियम सांगता आला नाही तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण जायचा. आणि जिची ही मातृभाषा आहे, तिने माझी चूक काढावी पण कारण देऊ नये, हे मला अन्यायाचं वाटलं. आजही थोडं वाटतंच.

घरी येऊन मी कारण शोधलं. इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत क्रम दिलेला असतो: आधी बोलणाऱ्याचं मत, मग आकारमान, मग वय, मग आकार, मग रंग, मग मूळ ठिकाण, मग कशाचं बनलं आहे ते, आणि नामाला अगदी चिकटून उपयोग. म्हणून आमच्या टेबलाला ‘डायनिंग’ जोडायचं तर ते वुडनच्याही पुढे, थेट टेबलाला लागून येतं: अ ब्युटिफुल ओल्ड राउंड वुडन डायनिंग टेबल. गंमत अशी की इथल्या मुलांना हे कुणी शिकवत नाही. ही यादी परक्यांसाठी केलेली आहे, म्हणजे माझ्यासाठी. आणि माझ्या इंग्रजीच्या वर्गात ती कधी आली नाही.

पण यादी पाठ केली म्हणजे कारण कळलं असं होत नाही. वय आकाराच्या आधीच का? उलट का नाही? यावर मला पटलेलं उत्तर 2017 सालच्या एका अभ्यासातलं आहे. ग्रेगरी स्कॉन्ट्रास, ज्युडिथ डेगन आणि नोआ गुडमन या तिघांनी तो केला. त्यांनी लोकांना विशेषणांच्या जोड्या देऊन कोणता क्रम बरा वाटतो ते विचारलं, आणि वेगळं असंही तपासलं की एखादं विशेषण किती व्यक्तिसापेक्ष आहे. दोन्ही गोष्टी जुळल्या. ज्या शब्दावरून दोन माणसं वाद घालू शकतात तो नामापासून लांब जातो, ज्यावर वादाला जागाच नाही तो नामाजवळ राहतो.

आता हे टेबलावर लावून बघा. मी म्हणेन सुंदर, तुम्ही म्हणाल काय सुंदर आहे त्यात, आणि आपण दोघंही चूक नसू. म्हणून ब्युटिफुल सगळ्यात लांब. जुनं म्हणजे किती जुनं, यावर थोडा वाद होतो; आईसाठी चाळीस वर्षांचं टेबल अजून नवंच आहे. म्हणून ओल्ड त्याच्या आत. गोल आहे की नाही, यावर फारसा वाद नाही, फार तर कुणी अंडाकृती म्हणेल. आणि लाकडी? ते लाकूड आहे की नाही यावर भांडणारा माणूस मला भेटलेला नाही. म्हणून वुडन टेबलाला खेटून. माझं लेबल गिऱ्हाइकाच्या सोयीने लावलेलं होतं, भाषा मात्र वस्तूपासून सुरुवात करून बाहेर बोलणाऱ्याकडे येते. जे वस्तूचं, ते आत. जे माझं, ते बाहेर.

यातून एक परीक्षाही मिळते, आणि लेबलं लिहिताना ती मला फार कामी येते. दोन विशेषणांच्या मध्ये ‘अँड’ घालून बघायचं. ‘ब्युटिफुल अँड ग्रेसफुल टेबल’ चालतं, कारण दोन्ही मतंच आहेत. तिथे स्वल्पविराम द्यायचा आणि क्रम उलटला तरी बिघडत नाही. ‘राउंड अँड वुडन टेबल’ मात्र अडखळतं. जिथे अँड अडखळतो तिथे स्वल्पविराम नको आणि क्रमाला हातही लावायचा नाही.

इतकं कळल्यावर माझा अभिमान जागा झाला. मनात म्हटलं, इंग्रजीला हे सगळं करावं लागतं कारण तिच्या विशेषणांना प्रत्ययच नाहीत. आपल्याकडे जुना, जुनी, जुनं. विशेषण स्वतःच सांगतं की मी कुणाचं. म्हणून मराठीत कुठेही ठेवा, चालतं. हेच सांगायला मी त्या रात्री आईला फोन केला. नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते, पण ती उठलेली असते.

मी म्हटलं, “आई, आपल्या घरचं ते लाकडी गोल जुनं सुंदर टेबल आहे ना...”

“काय बोलून राहिली गं?” आई म्हणाली. “नीट बोल ना.”

“नीटच बोलते आहे. आजोबांचं लाकडी गोल जुनं...”

“जुनं गोल लाकडी टेबल म्हण ना बाई. असं उलटं काऊन म्हणतेस?”

“का, चुकलं काय त्यात?”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चुकलं असं नाही. पण कानाला बरं नाही वाटत.”

मी फोन हातात धरून बसून राहिले. तेच शब्द. लीड्सच्या बाईंचे आणि महालातल्या माझ्या आईचे.

मग मी स्वतःचा मुद्दा तपासला आणि तो टिकला नाही. सुंदर, जुनं, गोल, लाकडी. या चौघांत प्रत्ययाने बदलणारं एकच, जुनं. सुंदर घर, सुंदर साडी, सुंदर वाडा, काही बदलत नाही. गोलही नाही, लाकडीही नाही. म्हणजे माझ्या वाक्यातल्या तीन विशेषणांकडे तो प्रत्यय नव्हताच ज्याच्या जोरावर मी मराठीला मोकळं म्हणत होते. आणि आपलाही क्रम जवळपास तोच आहे. आपण ‘ताजी नागपुरी संत्री’ म्हणतो, ठिकाण संत्र्याला लागून. ‘मोठी निळी कापडी पिशवी’ म्हणतो. ‘कापडी निळी मोठी पिशवी’ म्हणून बघा, जीभ थांबते. अँडची परीक्षासुद्धा लागू पडते: ‘गोल आणि लाकडी टेबल’ कोण म्हणतं?

तरी एक गोष्ट मी आपल्या बाजूची मोजतेच. आपण लाकडीच्या जागी ‘लाकडाचं’ म्हटलं, की तो शब्द मोकळा होतो. ‘आजोबांचं सागवानाचं जुनं गोल टेबल’ यात सागवान पुढे आलं तरी आईने हरकत घेतली नाही, मी मुद्दाम विचारलं. इंग्रजीत तसं करायचं तर ‘मेड ऑफ टीक’ म्हणून ते टेबलाच्या मागे न्यावं लागतं. इतवारीतल्या गिऱ्हाइकाला लाकूड आधी ऐकवायची सोय मराठीने ठेवली आहे, आणि माझं लेबल मनातल्या मनात त्याच सोयीने लिहिलं गेलं होतं, असं मला आता वाटतं.

क्रम मोडताही येतो, पण कारण लागतं. आईसोबत सीताबर्डीला साडी घ्यायला गेलेल्यांनी हे ऐकलं असेल. एरवी ‘पांढरी सुती साडी’. पण दुकानदाराने पांढऱ्या साड्यांचा ढीग टाकला आणि त्यात सिंथेटिक निघाल्या, की आई म्हणते, “सुती पांढरी दाखवा.” सुतीवर जोर देऊन. निवड करायची असली की निवडीचा शब्द उडी मारून पुढे येतो. इंग्रजीतही अगदी तसंच. काल दुकानात दोन गोल टेबलं होती, एक काचेचं आणि एक आपलं ओकचं. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “द वुडन राउंड टेबल, प्लीज,” वुडनवर चांगला जोर देऊन. बाईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या कानाला काही खटकलं नव्हतं. लेबलावर मात्र जोर देता येत नाही. लेबल शांतपणे वाचलं जातं, शेजारी कोणतं टेबल आहे ते त्याला माहीत नसतं, म्हणून तिथे साधा क्रमच हवा. माझी चूक नेमकी इथे होती, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच मान्य केलं असतं.

ते टेबल त्या गृहस्थांनी नेलं. दुपारी एक छोटं पाइनचं टेबल आलं, अंडाकृती, बरंच वापरलेलं. मी लेबल लिहिलं: ‘अ लव्हली स्मॉल ओल्ड ओव्हल पाइन टेबल’. पाच विशेषणं एका नामासाठी जास्तच झाली, म्हणून लव्हली काढलं. बाईंनी वाचलं, दोरा ओवला आणि टेबलाच्या पायाला बांधून टाकलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने विचारलं, “केवढ्याला गेलं गं ते गोल लाकडी?”