‘गटात सहकार्य करते’ म्हणजे नेमकं काय करते?

सत्र संपत आलं की वर्णनात्मक नोंदींना माझा हात आपोआप चालायचा. ‘गटात सहकार्य करतो’, ‘आपले मत स्पष्टपणे मांडतो’, ‘नेतृत्व करतो’. तयार नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतातच. सोबत एक तक्ता, त्यात बरोबरच्या खुणा. सातवीच्या ३२ मुलांपैकी २६ जणांपुढे सहकार्याची खूण होती. एका मुलीच्या आईनं प्रगतिपुस्तक बघून विचारलं, “बाई, म्हणजे ही वर्गात काय करते?” मला एकही प्रसंग आठवेना. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढच्या सत्रात मी तक्ता बाजूला ठेवला. सत्रभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण आणि प्रकल्प ही साधनं आहेतच, तीच नीट वापरायची ठरवली. प्रकल्प साधा होता: शाळेतल्या गळक्या नळांतून दिवसाला किती पाणी वाया जातं ते मोजायचं. चौघाचौघांचे आठ गट केले. रोज दोन गटांजवळ दहा-दहा मिनिटं वही घेऊन बसायचं आणि जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढंच लिहायचं. हुशार, लाजाळू, छान, असले शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत.

एका गटात एक मुलगा सतत बोलत होता. नळाखाली २०० मिलीची बाटली लावली, ती ४ मिनिटांत भरली. दुसऱ्यांदा ५ मिनिटं लागली. तो म्हणाला, “पहिलंच घ्या, लिहा पटकन.” तोवर गप्प बसलेली मुलगी म्हणाली, “दुसऱ्या वेळी बाटली तिरकी होती, थेंब बाहेर पडत होते.” तिनं बाटली सरळ केली, नुसत्या बसलेल्या चौथ्या मुलाच्या हातात घड्याळ दिलं आणि पुन्हा मोजायला लावलं. ४ मिनिटं आली. म्हणजे तासाला ३ लिटर, दिवसाला ७२.

जुन्या तक्त्यात त्या मुलाला सगळ्या खुणा मिळाल्या असत्या, आणि तिच्यापुढचा ‘मत मांडते’चा रकाना रिकामा राहिला असता. पण तिच्या एका वाक्यानं गटाचं काम बदललं होतं, आणि रिकामा बसलेला मुलगाही कामाला लागला होता. तेव्हापासून प्रत्येक नोंदीला मी एकच प्रश्न विचारते: या बोलण्यामुळे, या करण्यामुळे गटात पुढे काय बदललं?

संवादकौशल्य तपासायला निरीक्षणाचीसुद्धा गरज पडली नाही. प्रत्येक गटानं मोजणीच्या सूचना लिहायच्या, आणि दुसऱ्या गटानं काहीही न विचारता त्याप्रमाणे मोजायचं. एकानं लिहिलं होतं, ‘बाटली भरेपर्यंत वेळ मोजा.’ समोरच्यांनी ती काठोकाठ भरली, लिहिणाऱ्यांच्या मनात होती २०० मिलीची खूण. उत्तरं जुळेनात. मग त्यांनी दुसरा मसुदा लिहिला: ‘पाणी पेनाने केलेल्या रेघेला टेकलं की घड्याळ थांबवा.’ दोन्ही कागद मी शेजारी-शेजारी चिकटवून ठेवलेत. ‘स्पष्टपणे मांडतो’ यापेक्षा ते कागदच जास्त सांगतात.

अडचणीही आल्या. पहिल्या आठवड्यात वही भरली, पण नावं मोजली तर निम्म्या नोंदी पाचच बोलक्या मुलांच्या, आणि नऊ जणांबद्दल एक ओळही नाही. मग नोंद नसलेल्यांची नावं पहिल्या पानावर लिहून त्यांच्याजवळ आधी बसायला लागले. दुसरी अडचण गटाची. मूल कसं वागतं हे ते कुणाबरोबर बसलंय यावर खूपच अवलंबून असतं. २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहकार्य तपासताना मुलांच्या जोडीला संगणकातले ठरावीक उत्तरं देणारे सोबती दिले होते ते यासाठीच, म्हणजे सोबत सगळ्यांना सारखी मिळते. वर्गात ते जमणार नाही. मी सत्रात तीनदा गट बदलले, आणि एखादी गोष्ट निदान दोन वेगळ्या गटांत दिसल्याशिवाय प्रगतिपुस्तकात लिहायची नाही असं ठरवलं.

तिसरी चूक माझ्या शब्दांतली. एक पान सहकारी शिक्षकांना वाचायला दिलं. त्या बोलक्या मुलाबद्दल ते म्हणाले, “नेतृत्व चांगलं आहे.” माझं मत होतं की तो ऐकून घेत नाही. पान पुन्हा पाहिलं तर मीच लिहिलं होतं, ‘ठामपणे सांगितलं.’ त्याजागी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिल्यावर आमचं बोलणं सरळ झालं: नव्या गटात तो दुसऱ्याचं आकडेमोडीचं म्हणणं ऐकून थांबतो का, हे बघायचं.

एवढं करूनही सत्रात एका मुलाच्या वाट्याला तीन-चार नोंदीच येतात. त्यावरून मुलांचे क्रमांक लावता येत नाहीत, आणि मी लावतही नाही.

बाटली सरळ करणाऱ्या त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात या वेळी लिहिलं: ‘मोजणीतली चूक दाखवते, ती कशामुळे झाली ते सांगते, आणि मागे बसलेल्याला काम देते.’ घड्याळ धरणाऱ्या मुलाच्या पानावर मात्र अजून एकच ओळ आहे: ‘प्रत्येक मिनिटाला मोठ्यानं आकडा सांगितला.’ सोमवारी मी आधी त्याच्या गटाजवळ बसणार आहे.